आजोबांनी लिहवून घेतलेली पत्रिका: कर्क लग्न की सिंह? (जन्म इंदूर)

मृण्मयी_इंदूर

नमस्कार. जन्म इंदूर, १२ जून, सकाळी १० वाजून ३७ मिनिटं. वर्ष मुद्दाम देत नाही. स्थळं येऊ लागली म्हणून आजोबांनी माझी जन्मपत्रिका कपाटातून काढली. लांब गुंडाळी आहे, कडांना हळदीकुंकवाची बोटं, अक्षर सुरेख. बारशाच्या सुमारास रामबागेतल्या एका गुरुजींकडून लिहवून घेतलेली. ती आणि मोबाइलवर काढलेली कुंडली जुळत नाही, म्हणून आमचा वाद झाला. जसा झाला तसा देते.

आजोबा: हे बघ, कुंडलीत वरच्या मधल्या घरात ४ आकडा आहे. कर्क लग्न. खाली अंशही दिलाय, २९.

मी: आजोबा, मोबाइलवर तिथे ५ येतोय. सिंह, अडीच अंश.

आजोबा: त्या यंत्रात काहीतरी चुकीचं घातलं असशील.

मी: तारीख, वेळ, गाव तिन्ही तुम्हीच सांगितलेलं घातलंय. आणि ग्रह सगळे जुळतायत हो. चंद्राची रास तीच, नक्षत्र तेच, चरणसुद्धा तेच. एकटं लग्न बदललंय, त्यामुळे सगळे ग्रह एकेक घर मागे गेलेत. तुमच्या पत्रिकेत मंगळ पाचवा आहे, माझ्याकडे चौथा येतोय.

आजोबा: चौथा? म्हणजे इतक्या वर्षांनी तू मंगळी निघालीस?

मी: तेच विचारतेय. गुरुजींचं चुकलं असेल का?

आजोबा: गुरुजी आयुष्यभर पंचांग घेऊन बसलेले. आणि वेळ मी स्वतः टिपली आहे. घड्याळ सकाळीच आकाशवाणीच्या बातम्यांना लावलेलं होतं. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, मी काटे बघितले आणि पासबुकाच्या मागे लिहून ठेवलं.

मी: मग वेळेत चूक नाही, गुरुजींची चूक नाही, मोबाइलची नाही. चुकलं कोण?

पत्रिकेत वेळ घड्याळाची नाही. 'श्रीसूर्योदयात् गत घटी ११ पळे ३०' एवढंच आहे. जाणकारांनी सांगावं.

वा. बडोदेकर

यात कोडं काही नाही. अयनांशाचा फरक आहे. चित्रापक्षाचा अयनांश वेगळा, रामन यांचा वेगळा, टिळक पंचांगाचा त्याहून वेगळा. चित्रा आणि टिळक यांच्यातच चार अंशांच्या आसपास अंतर आहे. तुमच्या दोन लग्नांत साडेतीन अंशांचा फरक, म्हणजे बरोबर बसतंय. मोबाइलमध्ये अयनांश बदलून बघा, कर्क येईल. बडोद्यात आमच्याकडे हे वाद नेहमीचे आहेत.

घटिकापात्र

बडोदेकर, अंतर जुळतंय म्हणून कारणही जुळलं असं होत नाही. अयनांश बदलला की एकटं लग्न हलत नाही, कुंडलीतला प्रत्येक ग्रह तितक्याच अंशांनी हलतो. चंद्र चार अंश हलला असता तर चरण नक्की बदललं असतं, कारण एक चरण ३ अंश २० कलांचं असतं. मृण्मयी सांगतायत की चरण तेच आहे. म्हणजे दोन्हीकडे अयनांश एकच.

शिवाय दिशाही उलटी आहे. रामन किंवा टिळक पक्षाचा अयनांश चित्रापक्षापेक्षा कमी आहे. अयनांश कमी घेतला की सगळं पुढे सरकतं. सिंह अडीचचं सिंह चार किंवा साडेसहा होईल, मागे कर्केत जाणार नाही.

दोन कुंडल्या जुळत नसल्या की पहिल्यांदा बघायचं ते हे, की नेमकं काय हललंय. सगळे ग्रह सारखेच हलले तर अयनांश. ग्रह जागच्या जागी आणि लग्न तेवढं हललं तर वेळ, गाव किंवा सूर्योदय. लग्नाबरोबर चंद्रही बऱ्यापैकी हलला तर तारीखच चुकली, नाहीतर सकाळ-संध्याकाळची गल्लत. चंद्र दिवसाला साधारण तेरा अंश चालतो, म्हणून वीस मिनिटांत त्याचं फार तर दहा-अकरा कला इकडे-तिकडे होतं. त्याच वीस मिनिटांत लग्न साडेचार अंश जातं.

आता तुमची पत्रिका. तिच्यात सूर्योदय लिहिलेला नाही, पण तो लपलेलाही नाही. ११ घटी ३० पळे म्हणजे किती? घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. अकरा घटींची २६४ मिनिटं, तीस पळांची १२. एकूण २७६, म्हणजे ४ तास ३६ मिनिटं. १०:३७ मधून वजा करा. ६ वाजून १ मिनिट उरतं. गुरुजींनी सूर्योदय ६:०१ धरला.

इंदूरला १२ जूनला सूर्य ५:४१ ला उगवतो. सहा वाजून एक मिनिटाला तो तिथे चांगलाच वर आलेला असतो.

पत्रिकेत दिनमान लिहिलं असेल ते बघा. बहुधा शक, संवत्सर, अयन, ऋतूच्या ओळीनंतर किंवा इष्टकाळाच्या अलीकडे असतं. ते मिळालं की ६:०१ कुठल्या गावचा ते सांगता येईल.

सई_लोकमान्यनगर

मृण्मयी, कर्क राशीची सिंह रास झाली तर नावाचं अक्षरही बदलेल ना? आणि साडेसातीही वेगळी धरावी लागेल. बारशाचं नाव ज्या अक्षरावर ठेवलं ते चुकीचं ठरतं का?

घटिकापात्र

सई, रास बदललेली नाही, लग्न बदललंय. रास चंद्रावरून, आणि चंद्र दोन्हीकडे एकाच चरणात आहे. नावाचं अक्षर, साडेसाती, नाडी, गण, महादशेचा क्रम हे सगळं चंद्रावरून निघतं, त्यामुळे यातलं काही हलत नाही. हलतात ती बारा घरं.

अ. रा. ग्वाल्हेर

माझ्याकडे असाच घोळ आहे. वडिलांचा जन्म १९४४ चा, ग्वाल्हेरचा. पत्रिका आणि संगणक यांत एका राशीचा फरक. इथलंच उत्तर तिथे लागू पडेल का?

घटिकापात्र

नाही, तुमचं कारण वेगळं असण्याची शक्यता जास्त. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे हिंदुस्थानची घड्याळं एक तास पुढे होती. घरच्यांनी घड्याळात बघितलेली वेळ आजच्या प्रमाणवेळेपेक्षा तासभर जास्त असते. काही संगणक प्रणाली हा तास आपोआप वजा करतात, काही करत नाहीत. पत्रिकेत घटी-पळं असतील तर वर केलं तशीच उलट वजाबाकी करा. सूर्योदय साडेसहा-सातच्या पुढे निघाला आणि महिना उन्हाळ्याचा असला, तर घड्याळ युद्धकाळातलं होतं असं समजा. संस्थानातल्या प्रत्येक गावी ही वेळ पाळली जात होती का, हे मात्र घरच्या माणसांना विचारूनच ठरवावं लागेल. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही मिसळतील.

मृण्मयी_इंदूर

दिनमान सापडलं. आज सकाळी आजोबांबरोबर बसून गुंडाळी पुन्हा उलगडली.

आजोबा: माझा चष्मा दे. हे... 'दिनमानम् ३३।८'. त्याच्या खाली रात्रिमान २६।५२.

मी: दोन्ही मिळून साठ.

आजोबा: साठच व्हायला हवेत, अहोरात्र साठ घटकांचं. म्हणजे लिहिण्यात चूक नाही.

मी: आजोबा, गुरुजी पंचांग कुठलं वापरायचे?

आजोबा: पाडव्याच्या आधी महाराष्ट्रातून टपालाने यायचं. इथे मिळणारी हिंदी पंचांगं त्यांना चालत नसत. महिना आपला अमान्त, इथला पौर्णिमान्त, वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं. म्हणून सगळ्या मराठी घरांत तेच पंचांग.

मी: त्यात सूर्योदय कुठला असतो?

आजोबा: पंचांगात असतो तोच. सूर्योदय म्हणजे सूर्योदय.

इथे आम्ही थांबलो. मग मी मोबाइलवर तीच तारीख, तीच वेळ ठेवली आणि गाव मुंबई घातलं. लग्न कर्क आलं, २९ ला थोडंसं कमी. आजोबा बराच वेळ पडद्याकडे बघत होते.

घटिकापात्र

उत्तर मिळालं. १२ जूनला मुंबईचा सूर्योदय ६:०१ आणि दिवस सव्वातेरा तासांचा. त्याचे ३३ घटी ८ पळे होतात. इंदूरचा त्या दिवशीचा दिवस साडेतेरा तासांचा, म्हणजे ३३ घटी ४६ पळांच्या आसपास. तुमच्या गुंडाळीत ३३।८ आहे. सूर्योदय आणि दिनमान दोन्ही मुंबईचं, जन्म इंदूरचा.

महाराष्ट्रात छापल्या जाणाऱ्या बऱ्याच पंचांगांत रोजच्या रकान्यातला सूर्योदय मुंबईचा असतो, आणि बाकीच्या गावांसाठी मिनिटांचं वेगळं कोष्टक दिलेलं असतं. एकादशी, संकष्टी, श्राद्धतिथी बघायला रोजचा रकाना पुरतो, कोष्टकाकडे जायची वेळ येत नाही. जन्मपत्रिकेला मात्र तो संस्कार केल्याशिवाय चालत नाही. तुमच्या गुरुजींचं बाकी गणित चोख आहे. अंशापर्यंत लग्न मांडलंय, दिनमान-रात्रिमानाचा मेळ घातलाय. एक पायरी राहिली.

आता बरोबर इष्टकाळ. ५:४१ पासून १०:३७ पर्यंत ४ तास ५६ मिनिटं, २९६ मिनिटं. २४ ने भागलं की १२ घटी २० पळे. पत्रिकेपेक्षा ५० पळे जास्त.

हा ५० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण दुसरी एक चूक याच्यासारखीच दिसते. काही जण जन्मवेळेचं स्थानिक वेळेत रूपांतर करतात आणि सूर्योदय मात्र प्रमाणवेळेतला घेतात. इंदूरचं रेखांश ७५ अंश ५१ कला, प्रमाणवेळ ८२ अंश ३० कलांची. फरक साडेसव्वीस मिनिटांचा, म्हणजे ६६ पळांचा. तुमच्याकडे तूट ६६ ची असती तर मी सूर्योदयाऐवजी तिकडे बोट दाखवलं असतं.

बारा जूनला इंदूरला साधारण १०:२६ ला सिंह लग्न लागतं आणि त्या भागात एक अंश उगवायला साडेचार मिनिटं लागतात. १०:३७ ला अडीच अंश. बरोबर बसतं. आणि वर्ष दिलं नाहीत ते ठीकच. एकाच गावी, एकाच तारखेला, एकाच वेळी लग्न दरवर्षी जवळपास तेच असतं, दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे. वर्ष लागतं ते ग्रहांसाठी.

वा. बडोदेकर

अयनांशाचं मागे घेतो, ग्रह हलले नाहीत हा मुद्दा बिनतोड आहे. पण मग उपाय सोपा आहे. मुंबईचं पंचांग सोडून राष्ट्रीय पंचांग घ्या. ते उज्जैनवर आधारलेलं आहे, आणि इंदूर-उज्जैन एकाच रेषेत. सूर्योदय आयता मिळेल.

रेखांश_उज्जैन

बडोदेकर, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने चूक वाढेल. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी मध्यस्थान ठरवलं ते २३ अंश ११ कला अक्षांश आणि ८२ अंश ३० कला रेखांश. अक्षांश उज्जैनचा आहे, रेखांश प्रमाणवेळेचं. त्यामुळे तिथला सूर्योदय घड्याळात उज्जैनच्या सुमारे २७ मिनिटं आधी येतो. मुंबईचा सूर्योदय घेतल्याने मृण्मयींची वीस मिनिटं कमी झाली, हा घेतला असता तर सत्तावीस-अठ्ठावीस वाढली असती. लग्न सिंहच राहिलं असतं, पण आठ-नऊ अंशांवर दिसलं असतं. नवमांश दोन घरं पुढे.

उज्जैनच्याच सूर्योदयाशी ताडून बघायचं असेल तर इथल्या जिवाजी वेधशाळेची वार्षिक ग्रहस्थिती-पुस्तिका आहे. इंदूर आणि उज्जैनच्या सूर्योदयात मिनिटभराचाच फरक पडतो.

वा. बडोदेकर

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. मग बडोद्याला मुंबईचा सूर्योदय चालतो असं आम्ही आजवर धरत आलो, ते बरोबर का? दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर आहेत.

घटिकापात्र

रेखांशाचा फरक दीड मिनिटाचा आहे हे खरं, पण अक्षांश विसरून चालणार नाही. बडोदं मुंबईच्या उत्तरेला सव्वातीन अंश आहे. जूनमध्ये उत्तरेला दिवस मोठा, म्हणून बडोद्याचा सूर्योदय मुंबईच्या आठेक मिनिटं आधी. डिसेंबरात उलटं, बडोद्याला पाचेक मिनिटं उशिरा. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास फरक नावापुरता.

इंदूरला रेखांशाची बारा मिनिटं बाराही महिने मिळतात. त्यात जूनमध्ये अक्षांशाची सात-साडेसात भर पडते आणि डिसेंबरात तेवढीच वजा होतात. म्हणून जूनमध्ये वीस मिनिटं, डिसेंबरात जेमतेम पाच. मृण्मयींचा जन्म डिसेंबरातला असता तर हीच चूक बहुधा कुणाच्या नजरेला आली नसती. ग्वाल्हेरला तर जूनमध्ये छत्तीस मिनिटं होतात, लग्नाचे आठ अंश. माझ्या मते मुंबईचं पंचांग वापरून ग्वाल्हेरला उन्हाळ्यात लिहिलेली प्रत्येक पत्रिका एकदा तपासून घ्यावी. चारातलं एक लग्न तरी बदललेलं सापडेल, कारण तीस अंशांच्या राशीत आठ अंश सरकायचं आहे.

सुलभाताई

गणित झालं. पण मुलीच्या घरी प्रश्न मंगळाचा आहे, त्याच्याकडे वळते. मृण्मयी, मंगळ वृश्चिकेत किती अंशांवर आहे?

मृण्मयी_इंदूर

वृश्चिकेच्या शेवटच्या अंशांत, वक्री.

सुलभाताई

मग दोन गोष्टी बघा. पहिली, आपल्याकडे लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या घरातल्या मंगळाला दोष धरतात, पण वृश्चिक ही मंगळाची स्वतःची रास आहे. स्वगृहीच्या मंगळाचा दोष धरू नये असं मेळापक करणारे बहुतेक जण मानतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचं लग्न सिंहेच्या अडीच अंशांवर आहे. भावचलितात लग्नबिंदू पहिल्या घराच्या मध्यावर येतो, म्हणजे चौथ्या भावाचा मध्य वृश्चिकेच्या सुरुवातीला आणि त्याची शेवटची संधी वृश्चिकेच्या सोळा-सतरा अंशांपाशी. तुमचा मंगळ त्याच्या बराच पुढे आहे. राशिकुंडलीत तो चौथा दिसतो, चलितात पाचवाच.

घटिकापात्र

चलिताचं गणित बरोबर आहे. पण मंगळदोष चलितावरून ठरवावा हे मला मान्य नाही. मेळापक करताना समोरचा राशिकुंडलीच बघतो. आपल्याला सोयीचं पडतं तिथे चलित आणि एरवी राशिकुंडली, असं केलं तर कुठलीच पत्रिका मंगळी उरणार नाही.

सुलभाताई

सोयीचा प्रश्न नाही. भावफळ भावावरून पाहायचं असतं. राशिकुंडलीत एक रास म्हणजे एक घर धरतो तो ढोबळ मार्ग आहे. लग्न राशीच्या मध्यावर असलं की दोन्ही जवळपास एक होतात, म्हणून एरवी वाद होत नाही. इथे लग्न अगदी कडेला आणि मंगळ दुसऱ्या कडेला. अशाच पत्रिकेसाठी चलित आहे.

गणित_शिक्षक

मध्येच बोलतो. सूर्योदय, दिनमान, लग्न हे आकाशातलं आहे, कुणीही तपासून बघावं आणि सगळ्यांचं उत्तर एकच यावं. मंगळ चौथा असला की संसारात काय होतं हे तसं तपासता येत नाही. मुलीबद्दलचा निर्णय दुसऱ्या गोष्टीवर घेताना घरच्यांनी हा फरक मनात ठेवावा, एवढीच कळकळीची विनंती.

मृण्मयी_इंदूर

आजोबांनी हा सगळा धागा वाचला. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत:

"घटिकापात्र यांस नमस्कार. मुंबईचा सूर्योदय घेतला गेला हे पटलं. दोन शंका आहेत. एक, सूर्योदय म्हणजे सूर्याची वरची कड दिसली तो क्षण की अर्धं बिंब वर आलं तो? दोन, नर्स बाहेर आली तेव्हा मी वेळ पाहिली. जन्म त्याच्या आधीचा. किती आधीचा ते मला सांगता येणार नाही."

घटिकापात्र

आजोबा, नमस्कार. दोन्ही शंका नेमक्या जागी आहेत.

५:४१ ही वरची कड दिसण्याची वेळ आहे, हवेमुळे सूर्य थोडा वर उचललेला दिसतो तेही धरून. लग्नसाधनाच्या जुन्या रीतीत सूर्यबिंबाचा मध्य खऱ्या क्षितिजावर आहे असं गृहीत धरलेलं असतं. इंदूरला जूनमध्ये तो क्षण चार मिनिटं उशिरा, ५:४५ ला येतो. म्हणून कडेच्या सूर्योदयापासून घटका मोजून हाताने लग्न काढलं तर संगणकापेक्षा साधारण एक अंश पुढे येतं. तुमच्या नातीचं साडेतीन येईल. रास बदलत नाही. संगणक सूर्योदय वापरतच नाही, थेट नाक्षत्रकाळावरून लग्न काढतो, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही. सिंह १०:२६ ला लागलं, तुम्ही १०:३७ टिपली. हाताशी अकरा मिनिटं आहेत. नर्सने बाळ स्वच्छ करून, गुंडाळून मग बाहेर येऊन सांगितलं असेल, तर दहा-बारा मिनिटं सहज गेलेली असतात. तसं असेल तर लग्न संधीवर येतं, आणि कर्केचा शेवटचा अंशही निघू शकतो. कारण चुकीचं आणि उत्तर बरोबर, असंही झालेलं असू शकतं. रुग्णालयाच्या कागदावर वेळ वेगळी नोंदलेली असते. जन्मदाखल्यावर नसते, पण आईच्या सुट्टीच्या कागदावर किंवा बाळाच्या केसपेपरवर सापडण्याची शक्यता असते. तो कागद घरात असेल तर शोधा.

मृण्मयी_इंदूर

सुट्टीचा कागद आईच्या फाइलमध्ये मिळाला. वेळ '१०.३० स.' अशी आहे. गोल आकडा वाटतोय.

मी: आजोबा, साडेदहा धरलं तरी सिंहच येतं. पण एक अंशसुद्धा नाही.

आजोबा: रुग्णालयाचं भिंतीवरचं घड्याळ कुणी कशाला लावलेलं असणार. चार-पाच मिनिटं इकडचं तिकडे झालं की पुन्हा कर्क.

मी: मग मुलाकडच्यांना काय द्यायचं?

आजोबा: तारीख, वेळ, गाव. वेळ दोन्ही लिही. मी पाहिलेली आणि कागदावरची.

सुलभाताई

आजोबा म्हणतात तेच करा. जुनी पत्रिका तशीच पुढे केलीत तर समोरचे गुरुजी तारीख-वेळेवरून स्वतः काढतील, त्यांना सिंह येईल आणि मंगळ लपवला असा समज होईल. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

रेखांश_उज्जैन

नवीन पत्रिका लिहवून घेणार असाल तर इष्टकाळाच्या शेजारी घड्याळाची वेळ, जन्मगाव, कुठल्या गावचा सूर्योदय घेतला आणि तो कडेचा की मध्याचा, हे लिहायला सांगा. अयनांशाचं नावही. दोन ओळींचं काम आहे. जुन्या गुंडाळीत दिनमान होतं म्हणून आज सुगावा लागला, अलीकडच्या छापील पत्रिकांत कित्येकदा तेही गाळलेलं असतं.

मृण्मयी_इंदूर

लिहवून घेते. जुनी गुंडाळीही ठेवणार, आजोबांनी तिच्या मागच्या बाजूला आजच पेन्सिलीने 'सूर्योदय मुंबईचा ६।१, इंदूर ५।४१, इष्ट १२।२०' असं लिहिलंय. चलिताबद्दल सुलभाताई आणि घटिकापात्र यांचं एकमत झालं नाही, त्यावर आणखी कुणाला लिहायचं असेल तर धागा उघडा आहे.

अ. रा. ग्वाल्हेर

वडिलांच्या पत्रिकेची उलट वजाबाकी केली. महिना मे, सूर्योदय ६:३४ निघतोय. नवीन धागा काढतो.